नवा वायसर टाकूनही नळ ठिबकतोय? मग सीट बघा

नळ ठिबकायला लागला की घरातला प्रत्येक जण तो जरा जास्त जोर लावून बंद करतो. चार दिवस थेंब थांबतो. मग आणखी जोर लागतो, आणि शेवटी नळ बंद करायला घरातल्या एका ठरावीक माणसालाच हाक मारावी लागते. प्लंबर येतो, पाच मिनिटांत वायसर बदलून जातो. तीन आठवडे बरे जातात आणि पुन्हा टपटप सुरू. मग दोष कोणाचा? बहुतेक घरांत ‘हल्ली वायसरच चांगले मिळत नाहीत’ इथे चर्चा संपते. वायसर निकृष्ट निघतातही, नाही असं नाही. पण इतक्या लवकर थेंब परत येतो तेव्हा कारण बहुधा वायसरच्या खाली असतं.

नळ कोणताही असो, पाणी अडतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसल्यामुळे. जुन्या आट्याच्या नळात एक पृष्ठभाग रबरी वायसरचा आणि दुसरा नळाच्या अंगातल्या पितळी सीटचा, म्हणजे पाणी येण्याच्या भोकाच्या काठाचा. पाव फेऱ्याच्या नळात दोन सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर बसतात आणि त्यांच्याखाली एक रबरी रिंग नळाच्या तळावर दाबून बसते. दुरुस्ती करताना या जोडीतला एकच पृष्ठभाग बदलला आणि दुसऱ्याकडे पाहिलंच नाही, तर थेंब परत येणार हे ठरलेलं.

आधी थेंब कुठून आणि कधी पडतो ते बघा

पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघण्यात घालवावीत. नळ बंद करून तोटी पुसून कोरडी करा आणि खाली एक भांडं ठेवा. शॉवर, लांब मानेचा सिंकचा नळ किंवा तोंडाला जाळी असलेला नळ बंद केल्यावरही मिनिट-दोन मिनिटं ठिबकतो. ते मानेत राहिलेलं पाणी असतं आणि संपलं की थांबतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पाणी तोटीतून न येता दांडीच्या भोवतून, म्हणजे मुठीखालून झिरपत असेल, आणि तेही नळ चालू असतानाच, तर वायसरचा काही संबंध नाही. दांडीभोवतीचं पॅकिंग किंवा ओ-रिंग गेलेली असते. आट्याच्या नळाला वरती ग्लँड नट असेल तर तो अगदी थोडा, फार तर पाव फेरा आवळा. तेवढ्याने थांबलं नाही तर नट काढून दांडीभोवती टेफ्लॉन टेप पिळून दोरीसारखी दोन-तीन वेढे गुंडाळा आणि नट परत बसवा. एवढंच.

तोटीतून एकसारखा, न थांबणारा थेंब पडत असेल तर मात्र नळ उघडावा लागणार. दहा मिनिटांत भांड्यात किती पाणी साठलं ते औषधाच्या मापाने मोजून ठेवा. समजा 60 मिलिलिटर भरलं, तर मिनिटाला 6 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साडेआठ लिटरच्या आसपास. हे मोजमाप हळहळण्यासाठी नाही. दुरुस्तीनंतर थेंब खरंच थांबला, की नुसता कमी झाला, हे यावरून कळतं. आणि वायसर बदलल्यावर 60 चे 10 झाले तर त्याचा अर्थ ‘बरं झालं’ असा घेऊ नका. वायसर ठीक बसलाय आणि सीटला कुठेतरी खाच आहे, असा तो अर्थ आहे.

गरम-थंड पाण्याचा मिक्सर असेल तर दोष कोणत्या बाजूचा ते आधी वेगळं करा. बेसिनखाली दोन अँगल कॉक असतात. थंड पाण्याचा बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. थेंब थांबला तर दोष थंड बाजूचा, नाही तर गरम बाजूचा. भिंतीवरच्या मिक्सरला असे कॉक नसतील तर गिझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याचा कॉक बंद करून तीच परीक्षा घेता येते. फक्त निकाल उलटा वाचा: थेंब थांबला तर दोष गरम बाजूचा, नाही तर थंड बाजूचा. तेवढ्या वेळेपुरता गिझर बंद ठेवा.

जोर लावल्याने नळ का बिघडतो

आट्याच्या नळाची रचना साधी आहे. मूठ फिरवली की आटे असलेली दांडी, म्हणजे स्पिंडल, खाली सरकते. तिच्या टोकाला जंपर असतो. पितळी बुटकी मेख समजा, आणि तिच्या तळाशी वायसर एका बारीक नटने धरलेला. जंपर जाऊन नळाच्या अंगातल्या गोल भोकाच्या काठावर बसतो. तो उंचावलेला काठ म्हणजे सीट. पाणी खालून वर ढकलत असतं, वायसर वरून दाबत असतो.

हा दाब किती असतो? तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत धरा. पुण्यात कोथरूड, सहकारनगर भागात अशा जुन्या सोसायट्या भरपूर आहेत. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्याच्या नळापासून साधारण 13 मीटर उंचीवर असतं. दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब, म्हणजे इथे सुमारे 1.3 किलो. सीटच्या भोकाचा व्यास 12 मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्याही आत. म्हणजे पाणी वायसरला वर ढकलतं ते जेमतेम दीड किलोच्या जोराने. आट्यांमुळे हाताचा जोर कैक पटींनी वाढतो, त्यामुळे दीड किलो अडवायला दोन बोटांनी फिरवलेली मूठ पुरते.

तरीही आपण मूठ पिळतो. जादा जोर सगळा रबरावर येतो. सीटचा काठ वायसरमध्ये रुततो आणि तिथे गोल चर पडतो. चर पडलेला वायसर पुन्हा त्याच जागी तंतोतंत बसला तर पाणी अडतं, पण सुटा जंपर दर वेळी थोडा वेगळा बसतो आणि चराच्या काठाशेजारून पाणी निसटतं. रबर कालांतराने कडक होतं, गरम पाण्याच्या बाजूला तर लवकरच. कडक रबराला सीटच्या बारीकसारीक उंचसखलपणाशी जुळवून घेता येत नाही.

सीट खराब होते ती यानंतर. ठिबकणारा नळ तसाच महिनोन्‌महिने ठेवला की ते पाणी केसाएवढ्या फटीतून वेगाने बाहेर पडत राहतं. त्यात बारीक वाळूचे कण असतातच. असा झोत एकाच जागी पितळ खरवडत राहतो आणि सीटच्या काठावर आडवी बारीक खाच पडते. आता वायसर कितीही नवा आणा, दोन-तीन आठवडे त्याचं मऊ रबर त्या खाचेत शिरून ती बुजवतं. रबर दबून बसलं की खाच उघडी पडते आणि थेंब परत येतो. ‘तीन आठवड्यांचा वायसर’ हे कोडं एवढंच आहे.

वाळू येते कुठून, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने, ही सूचना सगळ्यांच्या ओळखीची आहे. रिकाम्या झालेल्या वाहिनीत पाणी परत सुटतं तेव्हा ते गाळ आणि गंजाची पापुद्री घेऊन येतं. टाकी धुतल्यावरही तेच होतं. अशा वेळी पहिलं पाणी बादलीच्या साध्या नळातून, तोही पूर्ण उघडून, जाऊ द्या. सिरॅमिकच्या चकत्यांचे नळ पाणी स्वच्छ दिसेपर्यंत उघडूच नका.

पाणी बंद करणं, आणि बेसिनचं भोक

महापालिकेचं थेट पाणी येणारा नळ असेल तर पाण्याची वेळ संपल्यावर काम काढा, काहीच बंद करावं लागत नाही. टाकीवरच्या नळाला बाथरूमचा स्वतंत्र कॉक असतो. जुन्या इमारतींत तो वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम झालेला असतो. त्याच्यावर पाईप पान्याने जोर काढू नका. भिंतीतल्या कॉकची दांडी तुटली तर काम वायसरवरून फरशी फोडण्यावर जाईल. त्यापेक्षा गच्चीवर जाऊन टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. पण आधी खालच्या-वरच्या शेजाऱ्यांना सांगा, नाहीतर अंगाला साबण लावलेला कुणीतरी जिन्यात येऊन विचारेल.

पाणी बंद केल्यावर नळ उघडा आणि घरातला सर्वांत खालचा नळही उघडा, म्हणजे पाईपमधलं पाणी निघून जाईल. मग बेसिनच्या किंवा मोरीच्या भोकात फडकं कोंबा. जंपरचा नट वाटाण्याहून लहान असतो आणि तो हमखास तिकडेच जातो.

सामान फार लागत नाही. एक स्क्रू पाना, एक पाईप पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मोबाईलचा टॉर्च, जुनं फडकं, कापूस आणि थोडं सिलिकॉन ग्रीस. मूठ बाजूच्या बारीक स्क्रूने धरलेली असेल तर 2.5 किंवा 3 मिलिमीटरची ॲलन की. वायसर आधी आणून ठेवू नका. जुना हातात आल्यावर तोच घेऊन दुकानात जाणं बरं.

नळ उघडणं

मुठीवरची टोपी चाकूच्या टोकाने उचला, खालचा स्क्रू काढा आणि मूठ सरळ वर ओढा. क्षाराने चिकटली असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं ठेवा आणि मग हलवत हलवत काढा. हातोडी मारली तर दांडी वाकते.

आता षटकोनी डोकं दिसेल. ते सोडवण्याआधी दांडी फिरवून नळ अर्धा उघडा ठेवा, म्हणजे वायसर सीटवर दाबलेला राहणार नाही. पुढचं मात्र चुकवू नका. एका हाताने पाईप पान्यात नळाचं अंग घट्ट धरा, क्रोम खरचटू नये म्हणून मध्ये फडकं ठेवा, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू पान्याने डोकं डावीकडे फिरवा. नळाचं अंग न धरता नुसतं डोकं फिरवलं तर सगळा पीळ भिंतीतल्या जोडावर जातो. जुन्या लोखंडी पाईपचे गंजलेले आटे त्यात तुटतात आणि नव्या सीपीव्हीसी पाईपचा जोड तडकतो. भिंतीतली गळती बाहेर दिसायला कधीकधी महिने लागतात, आणि ती शेजाऱ्याच्या छतावर दिसते.

डोकं निघालं की जंपर एक तर दांडीला लटकलेला येईल, नाही तर सीटवरच बसून राहील. तो पकडीने उचला. नटही पकडीनेच सुटतो, पण जुना असेल तर पितळ कमकुवत झालेलं असतं. नट गोल झाला तर झगडत बसू नका, अख्खा जंपर वायसरसकट मिळतो.

जुना वायसर नीट बघा, बरंच काही कळतं. मध्यभागी सारख्या खोलीचा गोल चर असेल तर नळ जोराने पिळला गेलाय, सीट बहुधा ठीक आहे. एका बाजूला चर खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असेल तर जंपर तिरका बसतोय. चराच्या गोलात एका जागी रबराचा उंचवटा असेल, तर समोरच्या सीटवर त्याच जागी खाच आहे. रबर त्या खाचेत शिरून तिचा साचाच घेऊन आलेलं असतं. नखाने दाबून खड्डा पडत नसेल तर रबर कडक झालंय.

आता सीट. टॉर्चच्या उजेडात भोकाचा काठ एकसारखा चमकायला हवा. काळी आडवी रेघ दिसली तर ती खाच. डोळ्याला नाही दिसली तरी बोटाला लागते, आणि बोटालाही नाही लागली तर काडीला कापूस गुंडाळून काठावरून एक फेरी मारा. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे सीट खराब आहे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. वायसर बदलून निघून जाणारे नेमकी तीच करत नाहीत.

सीटला खाच असेल तर

सीट घासायला हाताने फिरवायचं हत्यार मिळतं. प्लंबर त्याला सीट कटर म्हणतात. त्याचा शंकूसारखा किंवा आटे असलेला भाग नळाच्या अंगात बसतो आणि खालची दातेरी चकती सीटवर टेकते. हलका दाब देऊन दोन-तीन फेरे फिरवा, बाहेर काढा, पुसा आणि पुन्हा कापूस फिरवा. तंतू अडकेनासे झाले की थांबा. एकदम दहा फेरे मारले तर काठ पातळ होतो, आणि पातळ धारदार काठ नव्या वायसरला कापतो. पॉलिश पेपर बोटाने घासून सीट सपाट होत नाही. बोटाचा दाब एका बाजूला जास्त पडतो आणि सीट तिरकी होते.

हत्यार नसेल तर रविवार पेठेत बोहरी आळीच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, किंवा कटर असलेला प्लंबर बोलवा. फोनवरच ‘सीट कटर आहे का’ असं विचारावं, म्हणजे दोन्हीकडचा वेळ वाचतो. हे काम जड, भरीव पितळी नळालाच परवडतं. हलक्या अंगाच्या क्रोम नळाची भिंतच पातळ असते. तिथे सीट गेली म्हणजे नळ गेला. प्लास्टिकच्या नळाचंही तसंच.

कटरनंतर पितळाचा चुरा अंगात राहतो. नळाच्या तोंडावर फडकं धरून पाण्याचा कॉक दोन सेकंद उघडा आणि बंद करा. पाणी उसळून चुरा आणि गाळ बाहेर टाकेल. सीट चांगली असली तरी ही पायरी गाळू नका. एक वाळूचा कण नव्या वायसरखाली राहिला तर तोच पुढच्या खाचेची सुरुवात करतो.

वायसर घेताना जुन्याच्या शेजारी ठेवून बघा. जुना चेपून पसरलेला असतो, म्हणून त्याच्यापेक्षा जंपरच्या बशीवर विश्वास ठेवा. वायसर बशीत सैल न हलता बसला पाहिजे, सीटचा पूर्ण काठ झाकला गेला पाहिजे, आणि नळ उघडताना तो अंगाच्या भिंतीला घासता कामा नये. टायरच्या ट्यूबचा किंवा चपलेच्या तळाचा वायसर कापून बसवण्याची आपली जुनी हौस आहे. एका रात्रीपुरता तो चालेलही. पण ट्यूब फार मऊ असते आणि चप्पल फुगते, आणि फुगलेला वायसर पाण्याची धार कमी करतो.

नट बसवताना वायसर हलू नये इतपतच आवळा. रबर मध्ये दबून कडा वर उचलल्या तर जास्त झालं, अर्धा फेरा मागे घ्या. दांडीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. गोडं तेल चिकट होतं आणि गाडीचं ग्रीस रबर फुगवतं, दोन्ही नकोत. डोक्याखालची फायबरची रिंग तुटली असेल तर तीही बदला. डोकं बसवतानाही दांडी अर्धी उघडी हवी, नाहीतर वायसर सीटवर घासत बसेल. आधी हाताने पूर्ण आटे बसवा, मग नळाचं अंग धरून पान्याने थोडंसं.

पाणी हळूहळू सोडा. नळ पूर्ण उघडून पाईपमधली हवा जाऊ द्या, मग धार थांबेपर्यंत दोन बोटांनी बंद करा आणि वर किंचितसं. भांडं ठेवा आणि पुन्हा दहा मिनिटं मोजा. वरच्या उदाहरणात 60 मिलिलिटरचं शून्य व्हायला हवं. एक-दोन थेंब तोटीतल्या शिल्लक पाण्याचे धरले तरी तळाशी पाणी साठता कामा नये.

पाव फेऱ्याचा नळ

मूठ काटकोनात फिरवली की पूर्ण उघडणारा नळ हा सिरॅमिकचा. याच्या आतल्या भागाला दुकानात कुणी कार्ट्रिज म्हणतं, कुणी स्पिंडल, कुणी नुसतं ‘फिटिंग’. आत जात्यासारखी व्यवस्था असते. खालची चकती स्थिर, वरची फिरते. दोघींना भोकं असतात. ती समोरासमोर आली की पाणी वाहतं, सरकली की बंद. चकत्या इतक्या गुळगुळीत घासलेल्या असतात की मध्ये पाण्याचा पातळ पडदाच काय तो राहतो. इथे जोर लावून काही साधत नाही. मूठ शेवटाला टेकल्यावर आणखी ढकलली तर आतला थांबा तुटतो.

कार्ट्रिज काढण्याआधी एक गोष्ट तपासा. मूठ काढून ठेवा आणि उघडी दांडी पकडीने हलकेच बंद दिशेला फिरवा. ती आणखी थोडी फिरली आणि थेंब थांबला, तर कार्ट्रिज चांगलं आहे. मूठच एक दाता चुकवून बसवलेली होती आणि पूर्ण बंद होण्याआधी भिंतीला किंवा मुठीखालच्या कटोरीला अडत होती. मूठ दात्यांवर योग्य जागी परत बसवा, काम झालं. रंगकाम किंवा सफाई करताना मूठ काढून लावली असेल तर हे हमखास घडतं, आणि मग चांगलं कार्ट्रिज कचऱ्यात जातं.

नाही थांबला तर पाणी बंद करून, कटोरी काढून, वर सांगितल्याप्रमाणे अंग धरून कार्ट्रिज सोडवा. ते बंद स्थितीत फिरवा, उलटं धरा आणि तळाच्या भोकात चमचाभर पाणी भरा. बाजूच्या खिडकीतून पाणी झिरपलं तर चकत्यांमध्ये कण, ओरखडा किंवा क्षार आहे. पाणी टिकून राहिलं तर संशय तळाच्या रबरी रिंगवर जातो. ही परीक्षा दाबाशिवायची आहे, त्यामुळे ‘झिरपलं’ हा निकाल पक्का आणि ‘टिकलं’ हा अंदाज समजा.

रिंग चपटी होऊन कार्ट्रिजच्या काठाच्या पातळीला आली असेल तर ती नळाच्या तळावर दबतच नाही. नवी रिंग काठाच्या थोडी बाहेर डोकावते. तेवढं डोकावणंच काम करतं. काही दुकानांत रिंग सुटी मिळते, नाहीतर पूर्ण कार्ट्रिज बदलावं लागतं. रिंग बदलताना नळाच्या तळावर, जिथे ती बसते, तिथेही बोट फिरवा. क्षाराचा खडबडीत थर असेल तर तो काढल्याशिवाय नवी रिंगही गळेल.

क्षाराचा त्रास बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर जास्त. वाघोली, उंड्रीकडच्या ज्या सोसायट्या बोअरवर आहेत तिथे नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो तो हाच. काळ्या खडकातून उपसलेलं पाणी खडकवासल्याच्या पाण्यापेक्षा बरंच जड असतं. कार्ट्रिज पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून तासभर बुडवा, मऊ ब्रशने घासा आणि धुवा. बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते पितळ आणि क्रोम दोन्ही खातं. चकत्या ब्लेडने खरवडू नका. एक ओरखडा पुरतो. चकत्या सुट्या झाल्याच तर काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, उलटसुलट लागल्या तर नळ उलटा चालतो. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात द्या.

नवं कार्ट्रिज जुनं हातात घेऊनच आणा. ‘अर्धा इंची द्या’ एवढं सांगून चुकीचं येतं. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: एकूण लांबी, बाहेरचे आटे, दांडीवरच्या दात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा. 20 दात्यांची दांडी बरीच आढळते, पण 18 आणि 24 च्याही असतात, आणि डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून मोजा. मिक्सरच्या गरम आणि थंड बाजूची कार्ट्रिज अनेकदा उलट दिशेने फिरतात. एका दांडीच्या मिक्सरचं कार्ट्रिज वेगळं, प्लास्टिकचं आणि जाड असतं. त्याचा व्यास बहुधा 35 किंवा 40 मिलिमीटर असतो, आणि खालच्या दोन खुंट्या अंगातल्या खाचांत बसल्याशिवाय वरची रिंग आवळू नये.

थेंब ठरावीक वेळीच पडत असेल तर

दिवसभर कोरडा आणि रात्री दोन वाजता टपटप, अशी तक्रार उंच इमारतींत नेहमीची. रात्री कुणी पाणी वापरत नाही, त्यामुळे वाहिनीतला दाब चढतो. प्रेशर पंप असेल तर आणखीच. वायसर किंवा रिंग थकायला लागलीय याची ती पहिली खूण आहे. बदलायला अजून घाई नाही, पण सीट खराब होण्याआधीची हीच वेळ स्वस्त पडते. एकाच इमारतीतल्या खालच्या मजल्यांवर सगळ्यांचेच नळ वारंवार ठिबकत असतील तर मात्र प्रश्न तुमच्या नळाचा नाही. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला आहे का, आणि तो चालतो का, हे सोसायटीने बघायला हवं.

दुसरा प्रकार गिझरचा. गिझर तापत असतानाच गरम बाजूचा नळ ठिबकतो आणि गिझर बंद केल्यावर थांबतो. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, मागे जायची वाट एकदिशा व्हॉल्व्हने अडवलेली असते, मग जादा दाब सगळ्यात कमकुवत जागा शोधतो. ती जागा म्हणजे तुमचा अर्धवट थकलेला वायसर. तो बदला, पण त्याआधी गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कुणी बूच मारून बंद केलंय का ते पाहा. ‘तिथून पाणी पडतं’ म्हणून ते बंद केलेलं पुष्कळ घरांत आढळतं. असं असेल तर नळ राहू द्या. आधी गिझर बंद करून तो व्हॉल्व्ह मोकळा करून घ्या, कारण वाढलेल्या दाबाला वाट देण्याचं कामच त्याचं आहे.